घरातली मोडी पत्रं स्वतः वाचायची आणि बाळबोधात उतरवायची असतील तर: पहिल्या पत्रापासून शेवटच्या प्रतीपर्यंत

मोडीचा क्लास झाला, मुळाक्षरं आणि बाराखडी पाठ झाली, आणि मग घरातलं खरं पत्र समोर घेतलं की बहुतेकांना एक ओळसुद्धा लागत नाही. कारण तक्त्यातली मोडी सुटी सुटी आणि नीट असते, पत्रातली मोडी म्हणजे आधी पानभर आडवी रेघ मारून घेतलेली आणि मग हात शक्यतो न उचलता त्या रेघेखाली लिहीत सुटलेला माणूस. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, अनुस्वार असला तर असला. त्यामुळे अक्षरं येणं आणि पत्र वाचता येणं यात बरंच अंतर आहे आणि ते कसं पार करायचं तेवढंच इथे लिहितेय. मी घरगुती पत्रांबद्दलच बोलतेय, म्हणजे साधारण १८१८ नंतरची, टाकाने लिहिलेली, मुलगा वडिलांना किंवा मामा भाच्याला लिहितोय अशी. पेशवाईतली दफ्तरी कागदपत्रं हा वेगळा अभ्यास आहे, त्याबद्दल मध्ये थोडं येईल.

आधी काय काय जवळ हवं

मुळाक्षरं आणि बाराखडीचा एक तक्ता (छापील असो की क्लासमधला), मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची आवृत्ती ऑनलाइन मिळते, जुने आणि फारसी वळणाचे शब्द त्यात चांगले सापडतात), घरची वंशावळ जेवढी माहीत आहे तेवढी, पेन्सिल, आखीव वही आणि झूम करता येईल असा कुठलाही स्क्रीन. मोडी फाँट लागत नाही. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे हे खरं, पण आपल्याला शेवटी देवनागरीतच टाइप करायचंय.

१. मूळ कागद बाजूला, काम फोटोवर

पत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो किंवा स्कॅन घ्या, कोरी वाटणारी मागची बाजूसुद्धा, कारण पत्ता, पोचल्याची तारीख किंवा कुणीतरी केलेला हिशोब तिथेच असतो. स्कॅन असेल तर ६०० डीपीआय ठेवा. फोटो असेल तर एक समोरून आणि एक खिडकीचा उजेड बाजूने पडेल असा, शाई फिकी झाली असेल तर एका फोटोत जे दिसत नाही ते कधीकधी दुसऱ्यात दिसतं. घडीवर फाटलेलं असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका, आणि घडी उघडत नाही म्हणून पाणी लावू नका, शाई पसरली की ते अक्षर कायमचं गेलं.

फोटोच्या प्रिंटवर प्रत्येक ओळीला नंबर द्या. समासात आडवं-उभं लिहिलेलं असेल तर तो पत्राचाच पुढचा भाग असतो, जागा संपली की लोक कागद फिरवून समासात लिहायचे. त्या ओळींना स१, स२ असे वेगळे नंबर द्या आणि सगळ्यात शेवटी वाचा.

२. मायन्यापासून सुरुवात करा, कारण तो तुम्हाला आधीच माहीत आहे

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नवीन लोक नेमकी हीच टाळतात. त्यांना मजकुरात काय आहे ते बघायची घाई असते, मग ते मधूनच एखादा शब्द लावायला बघतात. जुन्या पत्रांचा मायना मात्र ठरलेला असतो. वडिलांना "तीर्थरूप राजमान्य राजश्री अमुक वडिलांचे सेवेसी, अपत्ये अमुक याचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष". लहानाला "चिरंजीव अमुक यासी आशीर्वाद". शेवटी "कळावे, लोभ असावा ही विनंती" किंवा "बहुत काय लिहिणे". म्हणजे कुलपाची किल्ली कुलपावरच टांगलेली आहे: मजकूर ठाऊक आहे, फक्त कुठलं वळण कुठल्या अक्षराचं ते बघायचंय.

एक नमुना घेऊ. हे पत्र मी समजावण्यासाठी तयार केलंय, पण घरगुती पत्रं याच पद्धतीची असतात. मोडीतून अक्षराला अक्षर उतरवलं तर ते असं दिसेल:

१ श्री
२ तीर्थरुपराजमान्यराजश्रीदादावडीलाचेसे
३ वेसीअपत्येगोवीदयाचासा॥नमस्कारवीन
४ तीवीशेषयेथीलकुशलमीतीज्येष्ठशु॥५श
५ के१८१४नदननामसवत्सरेपावेतोजाणुनआपले
६ लीहावेआपणपाठवीलेलेरु॥१२॥।पावले
७ पैकी७।बीयाणेबाबतदीलेबाकी५॥सदाशी
८ वाजवळठेवीलेतुर्तयेथुनआबा
९ एकपाटीपाठवीलाआहेपोचल्याचेकळवावे

वरचं "श्री" बरेचदा बाळबोधच असतं, ते सोडा. दुसरी आणि तिसरी ओळ आणि चौथीतला "वीशेष"पर्यंतचा भाग फक्त मायन्याच्या जोरावर लागतो, आणि तेवढ्यातच त, र, थ, प, ज, म, न, य, श, ष, द, व, ड, ल, च, स, अ, ग, क एवढी अक्षरं या लेखकाच्या हातची तुम्हाला मिळाली. मराठी मजकुरातला बराचसा भाग याच अक्षरांनी बनतो.

३. त्या हाताचा तक्ता बनवा

वहीत एक पान घ्या, डावीकडे बाळबोध अक्षर, उजवीकडे पत्रातल्या वळणाची नक्कल पेन्सिलने, आणि बाजूला ओळ नंबर. नक्कल स्वतः काढायची, स्क्रीनशॉट कापून चिकटवला तर डोळ्याला कळतं पण हाताला कळत नाही, आणि मोडीत रेघ कुठून सुरू होऊन कुठे गेली हे हाताला कळावं लागतं.

दोन गोष्टींकडे नीट बघा. एक, सुटं अक्षर आणि काना-मात्रा लागलेलं अक्षर यांची वेगळी नोंद करा, कारण मोडीत काना लागला की काही अक्षरांचं रूपच बदलतं आणि "त" येतो म्हणून "ता" ओळखता येईलच असं नाही. दुसरं, "र". हा सगळ्यात फसवा, मागच्या-पुढच्या अक्षराला जोडून आला की त्याची वेगवेगळी रूपं होतात, म्हणून र ला अर्धं पान ठेवा. तीर्थरूप, राजश्री, नमस्कार, एवढ्या मायन्यातच तुम्हाला त्याची तीन-चार रूपं सापडतील.

मग जी अक्षरं या हातात एकमेकांसारखी दिसतात त्यांची यादी करा. कुणाच्या हातात ब आणि व वेगळे काढता येत नाहीत, कुणाच्या हातात दुसरीच जोडी असते, त्यामुळे कुणा दुसऱ्याची यादी कामाची नाही. आणि तक्ता हाताचा असतो, पाठवणाऱ्याचा नाही हे लक्षात ठेवा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बायका-माणसं पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, काही ठिकाणी मजकूर एकाचा आणि शेवटच्या ओळी दुसऱ्याच्या असतात. मध्येच वळण बदललेलं वाटलं तर नवीन तक्ता सुरू करा.

४. आधी हुबेहूब प्रत, अर्थ नंतर

आता पूर्ण पत्र वर दाखवलंय तसं ओळीला ओळ उतरवायचं, शब्द न तोडता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ असा भेद करत नाहीत, वेलांटी एकच आणि उकार एकच. म्हणून मी हुबेहूब प्रतीत सगळ्या वेलांट्या दीर्घ आणि सगळे उकार ऱ्हस्व टाकते, म्हणजे नंतर बघताना कळतं की हे शुद्धलेखन पत्रातलं आहे, माझं नाही. अनुस्वार पत्रात नसेल तर इथे द्यायचा नाही. "गोवीद" म्हणजे गोविंद हे शेंबड्या पोरालाही कळतं, तरी इथे "गोवीद"च राहू दे.

न लागलेल्या अक्षराच्या जागी प्रत्येकी एक टिंब, फाटलेल्या जागी [फाटले], शंका असेल तिथे अक्षरापुढे (?). टिंबं मोजून द्या, कारण दोन अक्षरं राहिली की चार यावर पुढे तुमचा अंदाज बसतो किंवा पडतो.

ही पायरी सोडून थेट अर्थ लावत गेलात तर काय होतं ते सांगते: तुम्हाला घरातल्या गोष्टी माहीत असतात, आजोबांच्या भावाने जमीन विकली वगैरे, आणि मग डोळा तेच शब्द शोधायला लागतो आणि सापडवतोच. हुबेहूब प्रत असली की नंतर कुणीही, तुम्ही स्वतः वर्षभराने, परत तपासू शकता की हे खरंच लिहिलंय का.

५. शब्द तोडणे

ओळ कुठेही संपते, शब्दाच्या मधेसुद्धा. नमुन्यात "सेवेसी" दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, "विनंती" तिसऱ्या-चौथ्या ओळीत आणि "शके" चौथ्या-पाचव्या ओळीत तुटलाय. म्हणून एका ओळीवर अडलात तर पुढची ओळ बघितल्याशिवाय काहीही ठरवू नका.

तोडायला क्रियापदं आणि प्रत्यय कामाला येतात. पावले, दिले, ठेविले, पाठविला आहे, कळवावे, ही क्रियापदं आधी शोधून प्रत्येकाच्या पुढे पेन्सिलची बारीक रेघ मारा, वाक्यं आपोआप सुटी होतात. सातव्या-आठव्या ओळीत "सदाशीवाजवळठेवीले" आहे, ते "सदा शिवाजवळ ठेविले" असंही तुटतं आणि "सदाशिवाजवळ ठेविले" असंही. आधी "बाकी ५॥" आहे, म्हणजे पैसे कुणाकडे तरी ठेवलेत, तेव्हा दुसरंच बरोबर. पण सदाशिव नावाचं कुणी घरात होतं का हे वंशावळीत बघा आणि मगच शंकेची खूण काढा.

आता आठव्या ओळीच्या शेवटी "आबा" आलाय. अनुस्वार लिहिलेला नाही, मग हा आबा नावाचा माणूस की आंबा? "तूर्त येथून आबा..." दोन्ही बसतं. नवव्या ओळीत "एक पाटी पाठविला आहे" येतं आणि प्रश्न सुटतो. शिवाय वडीलधाऱ्या आबांना कुणी "पाठविला" असं एकेरी लिहिलं नसतं, आणि महिना ज्येष्ठ आहे. तीन पुरावे एकाच बाजूला पडले की मी वाचनप्रतीत "आंबा" लिहिते. एकच पुरावा असता तर "आ[ं]बा" असं चौकटी कंसात लिहून खाली टीप दिली असती.

६. दोन दंड: संक्षेप की अर्धा?

नवीन वाचणारे इथे हमखास अडकतात. मोडीत शब्द तोडून लिहिला की पुढे ॥ अशी खूण करतात: सा॥ म्हणजे साष्टांग, शु॥ म्हणजे शुद्ध, रु॥ म्हणजे रुपये, मौ॥ म्हणजे मौजे. आणि आकड्यापुढे तीच खूण आली की ती किंमत असते: । म्हणजे पाव, ॥ म्हणजे अर्धा, ॥। म्हणजे पाऊण. त्यामुळे अक्षरापुढे दंड असेल तर संक्षेप आणि आकड्यापुढे असेल तर अपूर्णांक, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं तरी बराचसा गोंधळ मिटतो.

सहाव्या ओळीत रु॥१२॥। आहे. पहिले दोन दंड रुपयाच्या संक्षेपाचे, नंतरचे तीन म्हणजे पाऊण, तर पावणेतेरा रुपये, म्हणजे बारा रुपये बारा आणे (रुपयाचे सोळा आणे, पावलीचे चार). मग ७। म्हणजे सव्वासात आणि ५॥ म्हणजे साडेपाच. आता बेरीज करा: सव्वासात आणि साडेपाच मिळून पावणेतेरा. जुळलं! समजा तुम्ही ७। च्या जागी ७॥ वाचलं असतं तर बाकी सव्वापाच यायला हवी होती आणि पत्रात साडेपाच आहे, म्हणजे एखादा दंड शाईचा ओघळ किंवा कागदाची घडी आहे हे लगेच कळलं असतं. पत्रात कुठेही रक्कम, पैकी, बाकी असं काही दिसलं की हिशोब मांडून बघा, तुमचं वाचन तपासायला याहून पक्कं साधन नाही. माझं तर मत आहे की नवशिक्याने पहिलं पत्र हिशोबाचंच घ्यावं.

संक्षेप वाचनप्रतीत सोडवून लिहा पण खात्री असेल तरच. एकाच अक्षराचा संक्षेप संदर्भाप्रमाणे बदलतो, त्यामुळे इंटरनेटवर मिळालेली यादी आंधळेपणाने लावू नका.

७. तारीख लावणे

शके अधिक ७८ केलं की इसवी सन मिळतो. पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदलतं, त्यामुळे माघ-फाल्गुनाच्या पत्राला ७९ मिळवायचे. नमुन्यातलं शके १८१४ ज्येष्ठ शुद्ध ५ म्हणजे १८९२, मे अखेर किंवा जूनची सुरुवात. नेमकी तारीख हवी असेल तर त्या वर्षाचं जुनं पंचांग बघावं लागतं, आणि मितीत "अधिक" किंवा "निज" शब्द असेल तर तो गाळू नका, महिन्याचा फरक पडतो.

आकडा पुसलेला असेल तर संवत्सराचं नाव वाचवतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक (प्रभव १, विभव २ असं मोजत, शून्य उरलं तर साठावा). शिवराज्याभिषेक शके १५९६ मध्ये झाला, १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, साठाने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा आनंद, ते आनंदनाम संवत्सरच होतं. आता आपल्या पत्रात १८१४ मधला तिसरा आकडा पुसलाय असं धरा. १८०४ असेल तर बाकी १६, चित्रभानु. १८१४ असेल तर २६, नंदन. १८२४ असेल तर ३६, शुभकृत. पत्रात "नदननाम" आहे, म्हणजे १८१४ नक्की.

पोस्टकार्ड किंवा पाकीट असेल तर शिक्का भिंगाखाली बघा, त्यावर इंग्रजी तारीख आणि पोस्टाचं नाव असतं. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ मध्ये सुरू झालं, त्यामुळे कार्डावरचं तुमचं वाचन त्याआधीचं साल देत असेल तर आकडा परत वाचा.

पत्र पेशवाईतलं निघालं तर साल अरबी शब्दांत असू शकतं: "खमस सबैन मया व अलफ" म्हणजे ५, ७०, १०० आणि १०००, एकूण ११७५. हा सुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७७४-७५. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं म्हणून दोन आकडे.

८. वाचनप्रत

आता हुबेहूब प्रतीच्या खाली दुसरी प्रत, आजच्या देवनागरीत, शब्द तोडून, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार नीट करून:

तीर्थरूप राजमान्य राजश्री दादा वडिलांचे सेवेसी. अपत्ये गोविंद याचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील कुशल मिती ज्येष्ठ शुद्ध ५ शके १८१४ नंदननाम संवत्सरे पावेतो जाणून आपले लिहावे. आपण पाठविलेले रुपये १२॥। पावले. पैकी ७। बियाणे बाबत दिले. बाकी ५॥ सदाशिवाजवळ ठेविले. तूर्त येथून आंबा एक पाटी पाठविला आहे. पोचल्याचे कळवावे.

"पावेतो"चं "पर्यंत" करू नका, "ठेविले"चं "ठेवले" करू नका. लिपी बदलायची, भाषा नाही. १२॥। चं १२.७५ तर मुळीच नको, हवं तर टिपेत लिहा. गावांची नावं आजच्या नावाप्रमाणे सुधारू नका, जे लिहिलंय ते ठेवून पुढे टीप द्या.

आडनावं आणि माणसांची नावं यात सगळ्यात जास्त संयम लागतो. एखादं नाव दोन प्रकारे वाचता येत असेल तर दोन्ही लिहा. नात्याचा शोध मायन्यातून घ्या: तीर्थरूप आहे की चिरंजीव, सौभाग्यवती आहे की गंगाभागीरथी, यावरून वय आणि परिस्थिती कळते आणि वंशावळीतले अर्धे उमेदवार गळतात. त्र्यंबकेश्वरसारख्या तीर्थक्षेत्री उपाध्यांकडे तुमच्या घराण्याच्या नोंदी असतील तर तिथलं नाव पत्रातल्या नावाशी ताडून बघा.

९. दुसऱ्या डोळ्यांकडून तपासणी

प्रत झाली की काही दिवस बाजूला ठेवा आणि मग हुबेहूब प्रत न बघता पत्र परत वाचा, कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याला तुमची प्रत हातात द्या. जिथे तुमचं आत्ताचं वाचन प्रतीपेक्षा वेगळं निघेल तिथे (?) टाका.

जे उरेल तेवढंच घेऊन जाणकाराकडे जा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे (१९१० पासून), धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग चालतात, तिथे शिकवणारी आणि शिकलेली माणसं भेटतात. जाताना अख्खं पत्र पुढे करून "काय लिहिलंय हो?" असं विचारू नका, ओळ नंबर, तुमचा अक्षरतक्ता आणि हुबेहूब प्रत घेऊन "सातव्या ओळीतली ही दोन अक्षरं लागत नाहीत" असं विचारा. त्यांनी सांगितलेलं वाचन कुणी आणि कधी सांगितलं तेही टिपेत लिहा.

शेवटी फाइलला नाव देताना आधी इसवी सन, मग महिना, मग पाठवणारा असं द्या, आणि मूळ फोटो, हुबेहूब प्रत, वाचनप्रत आणि त्या हाताचा तक्ता, चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. त्याच हातचं पुढचं पत्र निघालं की तक्ता तयारच असतो, तिसऱ्या पायरीचं निम्मं काम वाचतं.